नव्या हजेरी सॉफ्टवेअरचं परिपत्रक: मसुदा वाचा आणि चुका काढा

मस्टरवाली

आमच्याकडे हजेरीचं नवं सॉफ्टवेअर येतंय आणि परिपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. माणसं ३६०. तीन पाळ्या आहेत, सकाळी ६ ते २, दुपारी २ ते १० आणि रात्री १० ते ६. शिवाय ऑफिसची जनरल पाळी. जुनं मशीन बोटाच्या ठशाचं आहे, नवं चेहऱ्याचं. हजेरीचा महिना २१ ते २०, पगार महिनाअखेरीला. साहेबांना परिपत्रक एका पानात हवंय. मसुदा असा आहे:

> सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, येत्या १ तारखेपासून नवीन हजेरी प्रणाली लागू होत असून त्या दिवसापासून जुने पंचिंग मशीन बंद राहील. प्रशिक्षण २५ व २६ तारखेस सकाळी ११ ते १ या वेळेत सभागृहात होईल. सर्वांची उपस्थिती अनिवार्य आहे. अडचण आल्यास हेल्पडेस्कशी अंतर्गत क्रमांक २१० वर सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत संपर्क साधावा. नवीन प्रणालीत नोंद न झाल्यास गैरहजेरी धरली जाईल.

भाषा जाऊ दे, ती नेहमीचीच आहे. मजकुरात काय राहिलंय ते सांगा.

खडूस

शेवटचं वाक्य वाचूनच माणसं मशीनला घाबरणार. पहिल्याच कागदावर धमकी कशाला?

सरळरेघ

मला तरी ठीक वाटतंय. १ तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते, नवा महिना नवं मशीन. एकच भर घाला: नेट बंद असताना पंच करू नका, तो पंच वाया जातो. आमच्याकडे त्यावरून बरीच बोंबाबोंब झाली होती.

शाळामास्तर

विद्यार्थ्यांच्या हजेरीसाठी असं काही चालेल का? आम्हाला तासिकेप्रमाणे हजेरी घ्यावी लागते आणि पालकांना संदेशही जायला हवा. कोणतं सॉफ्टवेअर घेतलंत तुम्ही?

मस्टरवाली

@शाळामास्तर, हे कर्मचाऱ्यांच्या पगारासाठीचं आहे सर. तासिका वगैरे यात नाही. वेगळा धागा काढा, तिथे जाणकार भेटतील.

जुना_टाइमकीपर

मस्टरवाली ताई, मसुद्यात सगळ्यात मोठी चूक तारखेची आहे. तुमचा हजेरीचा महिना २१ ला सुरू होतो आणि तुम्ही मशीन बदलताय १ ला. म्हणजे एकाच पगाराचे पहिले दहा दिवस जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि उरलेले वीस नव्यात. दोन्हीकडून तक्ते काढून ते हाताने जोडत बसाल.

नुसती बेरीज असती तर एक वेळ चाललं असतं. पण जे नियम महिनाभराची मोजणी करतात ते मधोमध तुटतात. तीन लेट मार्कला अर्धा दिवस असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. एखाद्याचा २४ ला उशीर झाला, २८ ला झाला आणि मग ५ ला झाला. जुन्या सॉफ्टवेअरला दोन दिसले, नव्याला एक. दोघंही म्हणणार कपात नाही. तो सुटला म्हणून तो गप्प बसेल, पण शेजारच्याचे तिन्ही उशीर ५, ८ आणि ११ ला झालेत आणि त्याचा अर्धा दिवस कापला गेलाय, तो तुमच्या दारात येऊन उभा राहील.

२१ तारीख धरा. लक्षात राहायला अवघड असली तरी हिशेब एका पुस्तकात राहतो.

@सरळरेघ, नेट गेलं की पंच वाया जातो हे मशीनच्या बाबतीत खरं नाही. पंच मशीनच्या स्वतःच्या मेमरीत साठतो आणि जोडणी आली की सर्व्हरला जातो. तुमच्याकडे झालं असेल ते असं: पंच उशिरा दिसला, तोवर माणसाने दुरुस्तीचा अर्ज टाकला, मग दोन्ही नोंदी आल्या आणि गोंधळ उडाला. ‘पंच करू नका’ असं लिहिलंत तर मात्र पंच खरोखरच जाईल, कारण तो झालेलाच नसेल.

सरळरेघ

दोन नोंदींचं खरं आहे, तसंच झालं होतं. पण ॲपवरून केलेले पंच आमच्याकडे खरंच गेले.

केबलवाला

ॲपचं वेगळं असतं. काही ॲप नेट नसताना पंच फोनमध्ये ठेवतात, काही थेट नकार देतात. ठेवणाऱ्यात पुन्हा फोनचं घड्याळ कोणी मागे करून ठेवलं तर काय, हा प्रश्न येतो. विक्रेत्याला सरळ विचारा, आणि फोन फ्लाइट मोडवर टाकून एकदा स्वतः करून बघा.

तारखेबद्दल काकांशी सहमत. मी हेल्पडेस्कला बसतो. महिन्याच्या मधे बदललेल्या ठिकाणी पगाराच्या दिवशी फोन खाली ठेवता येत नाही.

रातपाळी

माझा अनुभव सांगते. मी रुग्णालयात रात्रपाळी करते. आमच्याकडे ‘मध्यरात्री १२ पासून नवीन मशीन’ असं परिपत्रक निघालं. आम्ही रात्री १० ला जुन्या मशीनवर आत आलो, सकाळी ६ ला नव्यावर बाहेर पडलो. जुन्यात बाहेर जायची वेळ नाही, नव्यात आत यायची वेळ नाही. अख्खी पाळी दोन्हीकडे अर्धवट आणि महिनाअखेरीला सगळ्यांचा एकेक दिवस बिनपगारी. परिपत्रक लिहिणारे रात्री घरी असतात हो, त्यांना १२ म्हणजे नवा दिवस वाटतो.

जुना_टाइमकीपर

रातपाळी ताईंनी नेमकं सांगितलं. रात्रपाळीचा माणूस २० तारखेला १० वाजता आत येतो, त्याची ती पाळी २० चीच. तो २१ ला सकाळी बाहेर पडला तरी तो पंच २० च्या खात्यात जायला हवा.

मस्टरवाली ताई, तुमच्या गेटवर २१ ला सकाळी काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पाळीचा माणूस ५:४० ला आत येतोय. त्याचा दिवस २१. रात्रपाळीचा ६:१० ला बाहेर पडतोय. त्याचा दिवस २०. नंतर आलेला पंच आदल्या दिवसाचा आणि आधी आलेला पुढच्या दिवसाचा! त्यामुळे ‘अमुक वाजता दिवस बदलतो’ अशी एकच वेळ सेटिंगमध्ये टाकून तुमचं काम भागणार नाही. ५ टाकलंत तर रात्रपाळीचं बाहेर पडणं दुसऱ्या दिवशीचं आत येणं ठरेल. ७ टाकलंत तर पहिल्या पाळीचं आत येणं आदल्या दिवसात जाईल. सॉफ्टवेअरला कोण कोणत्या पाळीला आहे हे आधीच ठाऊक हवं, म्हणजे पाळीपत्रक त्यात भरलेलं हवं. विक्रेते डेमो देतात तो जनरल पाळीचा, त्यात हे कधी दिसतच नाही.

परिपत्रकात लिहायचं ते साधं आहे. २० च्या रात्रपाळीने सकाळी बाहेर पडताना जुन्याच मशीनवर पंच करावा. २१ ला सकाळी ६ च्या पाळीपासून नवं मशीन. त्या तासाभरात दोन्ही मशीन चालू राहतील. जुनं मशीन त्या सकाळी ८ च्या आधी काढू नका.

मस्टरवाली

पाळीपत्रक आम्ही एक्सेलमध्ये ठेवतो आणि पाळ्यांची अदलाबदल फोनवर ठरते. सुपरवायझर नंतर सांगतो, कधी कधी सांगतही नाही.

जुना_टाइमकीपर

मग प्रशिक्षण आधी सुपरवायझरांना द्या. फोनवरची अदलाबदल सॉफ्टवेअरला कळत नाही. रात्रपाळी करून कोणी सकाळची पाळीही ओढली, म्हणजे रात्री १० ला आत आणि दुपारी २ ला बाहेर, तर त्याला दोनच पंच दिसतात. एक दिवस सोळा तासांचा आणि दुसरा दिवस गैरहजर, असं ते मांडून टाकतं. अदलाबदल पाळी सुरू व्हायच्या आधी नोंदवायची सवय सुपरवायझरला लागली नाही, तर मशीन कितीही चांगलं असो, दुरुस्तीचे अर्ज थांबणार नाहीत.

पेरोल_पल्याड

रजेबद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरी रडारड तिथेच होते. आधी मंजूर झालेल्या पुढच्या रजा! जुन्यात मंजूर झाली, नव्याला माहीत नाही, माणूस गावाला आणि तक्त्यात सलग गैरहजर.

हे बहुतेकांच्या लक्षात येतं आणि ते रजा नव्यात पुन्हा भरतात. तिथे दुसरा सापळा आहे. समजा एकाच्या १३ रजा शिल्लक होत्या. त्याने २५ ते २९ अशी पाच दिवसांची रजा आधीच मंजूर करून घेतली. जुनं सॉफ्टवेअर मंजुरीच्या क्षणीच वजा करतं, म्हणून २० तारखेला त्यात शिल्लक दिसते ८. तुम्ही ८ नव्यात नेली आणि मग ती पाच दिवसांची रजाही भरली. नव्याने पुन्हा पाच वजा केल्या. शिल्लक ३. माणसाच्या पाच रजा हवेत विरल्या, आणि त्याला कळणार चार महिन्यांनी, पुढची रजा टाकताना.

म्हणून आधी ठरवा की जुनं सॉफ्टवेअर मंजुरीला वजा करतं की रजा भोगल्यावर. मंजुरीला करत असेल तर पुढच्या रजा शिलकीत परत मिळवून, म्हणजे १३ धरून, मग रजा भरा. पुढच्या रजा मंजूर असलेली दहाएक माणसं निवडून दोन्ही पडदे शेजारी ठेवा, लगेच कळतं. आणि परिपत्रकात प्रत्येकाला आपली शिल्लक तपासून अमुक तारखेपर्यंत कळवायला सांगा.

खडूस

अमुक तारखेनंतर तक्रार ऐकणार नाही, असं लिहू नका म्हणजे झालं.

पेरोल_पल्याड

नाही नाही. पण मुदत लागतेच, नाहीतर कोणी बघतच नाही.

केबलवाला

महिनाभर चाचणी घेणार आहात ना? म्हणजे पगार जुन्यावर आणि शेजारी नव्यात तोच हिशेब. लोकांना दोन मशीनवर दोनदा पंच करायला लावू नका, गेटवर रांग लागते आणि चौथ्या दिवसापासून अर्धे लोक एकच करतात. नवं सॉफ्टवेअर जुन्या मशीनची कच्ची फाइल वाचत असेल तर तीच त्याला रोज भरवा. आमची फाइल अशी असायची, कर्मचारी क्रमांक, तारीख-वेळ, मशीन क्रमांक:

```
00457,20-06 21:52,02
00457,21-06 06:08,02
```

ती मधे एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका. एक्सेल पुढची शून्यं खातं, 00457 चं 457 होतं आणि नवं सॉफ्टवेअर म्हणतं असा माणूसच नाही. फाइल थेट टाका. नुसतं बघायचं असेल तर नोटपॅडमध्ये उघडा.

आणि ताळा करताना एकूण हजेरी जुळली म्हणून खूश होऊ नका. एकाचा दिवस कमी आणि दुसऱ्याचा जास्त असला तरी बेरीज जुळतेच. माणूस आणि तारीख अशी ओळ ओळीशी जुळवा आणि फक्त न जुळलेल्या ओळी बाजूला काढा. बहुतेक त्या सगळ्या रात्रपाळीच्या किंवा अदलाबदलीच्या निघतील.

मस्टरवाली

म्हणजे या २१ पासून चाचणी आणि पुढच्या २१ पासून प्रत्यक्ष. साहेब महिना पुढे ढकलला म्हणून कुरकुरतील, पण सांगते. प्रशिक्षणाचं काय? सभागृहात ११ ते १ ठेवलं तर रात्रपाळी झोपेतून उठून येणार का, हा प्रश्न आता मलाच पडलाय.

रातपाळी

येणार नाही. आणि आली तरी ऐकणार नाही.

केबलवाला

सभागृहात पडद्यावर मशीन दाखवून काही साधत नाही. कामगाराला मशीनसमोर उभं करा, तिथेच चेहरा नोंदवून घ्या, लगेच एक पंच करून बघू द्या. माणशी तीन मिनिटं धरा. ३६० माणसांची १०८० मिनिटं होतात, म्हणजे सरळ १८ तास. तुमच्या दोन दिवसांच्या चार तासांत हे कसं बसणार होतं? दोन मशीन लावली तर प्रत्येकी ९ तास. पाळी बदलताना पाऊण तास, दिवसातून तीनदा, म्हणजे रोज सव्वादोन तास. चार दिवसांत उरकतं, वर राहिलेल्यांसाठी एक दिवस. पाळी सुटल्यावर थांबवाल तर तो वेळ कामाचा धरणार का हेही लिहा, नाहीतर कोणी थांबत नाही.

मशीन जिथे कायमचं लागणार तिथेच नोंदणी करा. आमच्याकडे ऑफिसात छान उजेडात चेहरे घेतले आणि मशीन लावलं गेटवर, सकाळचं ऊन पाठीमागून. निम्मे चेहरे ओळखेना. मशीन फिरवून लावल्यावर सुटलं.

जुना_टाइमकीपर

उजेडासारखंच घड्याळही बघा. दोन मशीनच्या घड्याळांत तीन मिनिटांचा फरक असला की एका गेटवरून येणारे रोज लेट ठरतात. मशीन सर्व्हरवरून वेळ घेतं की स्वतःची चालवतं ते विचारा. एकाच गेटच्या लोकांचे लेट मार्क अचानक वाढलेले दिसले तर माणसांवर संशय घेण्याआधी घड्याळ पाहावं.

केबलवाला

आता हेल्पडेस्क, माझा विषय. १० ते ५ या वेळेत तुमच्या गेटवरची फक्त दुपारची गर्दी बसते, पहाटेची आणि रात्रीची नाही. गर्दी पहाटे ५:३० ते ६:३०, दुपारी १:३० ते २:३०, रात्री ९:३० ते १०:३०. पहिले काही दिवस या तीन वेळांना गेटवर माणूस उभा हवा. फोन नंतरच्या शंकांसाठी.

आणि हेल्पडेस्कने काय करायचं नाही हेही लिहा. चेहरा ओळखत नाही, ॲप उघडत नाही, पंच दिसत नाही, हे आमचं. पंच राहिला तर दुरुस्तीचा अर्ज सुपरवायझरकडे. पगार का कापला हे पगार विभागाकडे. हे न लिहिल्यामुळे लोक मला विचारायचे की माझा दिवस का कापला. मी काय सांगणार? माझ्याकडे कापायचाही अधिकार नाही आणि द्यायचाही नाही.

फोन करताना कर्मचारी क्रमांक, तारीख, पाळी, मशीन क्रमांक आणि पडद्यावर आलेला संदेश एवढं सांगा, असं छापा. ‘होत नाहीये’ एवढ्यावरून काही शोधता येत नाही.

मस्टरवाली

पुन्हा लिहिलं. एका पानात बसवायला जीव गेला. बघा:

> नवीन हजेरी प्रणालीबाबत
>
> पुढील महिन्याच्या २१ तारखेस सकाळी ६ च्या पाळीपासून हजेरी नव्या मशीनवर नोंदवायची आहे. २० तारखेच्या रात्रपाळीने २१ ला सकाळी बाहेर पडताना जुन्याच मशीनवर पंच करावा. त्या दिवशी सकाळी ८ पर्यंत दोन्ही मशीन चालू राहतील.
>
> तोपर्यंत सर्वांनी नेहमीप्रमाणे जुन्याच मशीनवर पंच करावा. या महिन्याच्या २१ पासून नव्या प्रणालीची चाचणी चालू राहील. त्या काळातील पगार जुन्या नोंदींवरच होईल.
>
> सुपरवायझर प्रशिक्षण: पुढील महिन्याची ३ व ४ तारीख, दुपारी ३ ते ४. पाळी अदलाबदल व दुरुस्ती अर्ज मंजुरी.
>
> चेहरा नोंदणी व सराव: ८ ते ११ तारीख, मुख्य गेट, प्रत्येक पाळी बदलताना. राहिलेल्यांसाठी १२ तारीख. हा वेळ कामाचा धरला जाईल.
>
> २१ तारखेस ॲपवर किंवा सूचनाफलकावर आपली रजा शिल्लक व मंजूर रजा तपासावी. फरक असल्यास २८ पर्यंत पगार विभागास कळवावे.
>
> पंच लगेच दिसला नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. तरीही न दिसल्यास सुपरवायझरकडे दुरुस्ती अर्ज द्यावा.
>
> मदत: २१ ते २५ तारीख, तिन्ही पाळी बदलांच्या वेळी गेटवर. इतर वेळी अंतर्गत क्रमांक २१०, सकाळी १० ते ५. कर्मचारी क्रमांक, तारीख, पाळी, मशीन क्रमांक व पडद्यावरील संदेश सांगावा. पगार कपातीबाबत पगार विभागाशी बोलावे.

धमकी काढलीय, @खडूस.

खडूस

दिसलं. पण रजा शिल्लक सूचनाफलकावर? कोणाच्या किती रजा उरल्यात हे सगळ्या कंपनीने वाचायचं?

पेरोल_पल्याड

बरोबर आहे, फलकावर नको. सुपरवायझरकडे चिठ्ठी द्या किंवा पगारपत्रकावर छापा. आणि ‘दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे’ हे महिन्याच्या शेवटी अडतं. २० तारखेचा पंच २१ ला कळला, अर्ज २२ ला आला, सुपरवायझर त्या दिवशी सुट्टीवर. तुम्ही हजेरी कधी बंद करता?

मस्टरवाली

२३ ला. सूचनाफलक काढते. सुपरवायझर नसेल तर मंजुरी कोण देणार हे आमच्याकडे आजही ठरलेलं नाही.

जुना_टाइमकीपर

ते परिपत्रकाआधी ठरवा. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सुपरवायझरला पर्यायी माणूस नेमायची सोय बहुधा असते, पण तो रकाना बहुतेक ठिकाणी रिकामाच असतो. दुसरं, पहिल्या महिन्यात पंच राहिल्याबद्दल कपात करायची नाही असा निर्णय साहेबांकडून मिळतो का पाहा.

पेरोल_पल्याड

याच्याशी मी सहमत नाही काका. पहिला महिना माफ म्हटलं की पंच न करणारे आणि पंच न झालेले यांत फरक उरत नाही, आणि सवय लागायची ती दुसऱ्या महिन्यापासूनच लागते. कपात रोखून ठेवा आणि अर्ज तपासून पुढच्या पगारात मिटवा.

रातपाळी

रोखून ठेवली म्हणजे कापलीच ना? ज्याचा महिना त्या पगारावर चालतो त्याला काय सांगणार?

जुना_टाइमकीपर

मी तरी माफच करेन. पंच न करणारा पहिल्या महिन्यात नाही सापडला तरी दुसऱ्यात सापडतोच.

मस्टरवाली

दोन्ही पर्याय साहेबांपुढे ठेवते. कपातीची ओळ तोवर कोरी. पर्यायी मंजुरीची नावं मात्र ३ तारखेच्या प्रशिक्षणाआधीच मागून घेते. @केबलवाला, एक राहिलं: ज्यांचा चेहरा १२ पर्यंत नोंदला गेला नाही, रजेवर आहेत वगैरे, ते २१ ला आले तर?

केबलवाला

गेटवर कागदी मस्टर ठेवा, सही आणि वेळ, सुरक्षारक्षकाच्या घड्याळाने. त्याच दिवशी चेहरा नोंदवून घ्या आणि ती पानं २३ च्या आधी सॉफ्टवेअरमध्ये चढवा. १३ तारखेला नोंदणी न झालेल्यांची यादी काढून सुपरवायझरांना द्या, म्हणजे २१ ला गेटवर किती जण येणार ते आधीच कळेल.